50 मीटरची रेंज बांधताय? मातीचा बांध, बॅफल, कोन आणि रेंज बंद ठेवण्याची वेळ

आमचा क्लब यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर आहे. तीन बाजूंनी वावरं, एका बाजूनं पांदण. जूनपासून तिथं निंदायला बाया असतात, दिवाळीनंतर कापूस वेचायला असतात, आणि गुराखी तर बाराही महिने. गेल्या दिवाळीनंतर आम्ही आमची 50 मीटरची रेंज पाच आठवडे बंद ठेवली. जिल्हा स्पर्धा तोंडावर होती, पोरं रागावली, पालकांचे फोन आले. त्यानंतर शेजारच्या दोन तालुक्यांतून नवे क्लब काढणाऱ्यांनी विचारलं की नेमकं काय झालं होतं आणि आम्ही बांधताना काय काळजी घ्यावी. हा लेख त्यांच्यासाठी.

सगळं .22 रायफलच्या 50 मीटर रेंजपुरतं आहे. 10 मीटरची एअर रायफल रेंज एखाद्या गोदामातही बसते, तिचं गणित वेगळं. मोठ्या बोअरला यातले आकडे लावू नका.

1. आधी गोळी किती लांब जाते ते समजून घ्या

.22 ची गोळी जेमतेम 2.6 ग्रॅमची. त्यामुळे नव्या माणसाला ती खेळण्यातली वाटते. पण नळी साधारण 30 अंश वर असताना सुटली तर ती दीड किलोमीटरच्या आसपास जाऊन पडते. आमच्या रेंजपासून दीड किलोमीटरच्या आत दोन वस्त्या, एक शाळा आणि किमान पन्नास वावरं आहेत.

म्हणजे तुमच्यापुढे दोनच वाटा असतात. एक, बांधामागे दीड किलोमीटर आणि बाजूंनाही भरपूर अशी निर्मनुष्य जागा, जी डोंगर किंवा मोठं माळरान असल्याशिवाय मिळत नाही. दुसरी, नळी चुकून कुठंही वळली तरी गोळी रेंजच्या आतच अडेल असं बांधकाम. विदर्भातल्या शेतीच्या भागात दुसरीच वाट उरते. मागची वावरं आज पडीक दिसतात म्हणून भागेल, असं समजू नका. पाऊस पडला की तिथं माणसं येणारच.

बाजूच्या चुकीचाही हिशेब डोक्यात ठेवा. 50 मीटरवर 1 अंश म्हणजे 87 सेंटिमीटर. नवशिक्या पोराची नळी बोल्ट ओढताना 10 अंश सहज वळते, म्हणजे लक्ष्याजवळ साडेआठ मीटरहून जास्त फरक. नुसता बांध दोन्हीकडे तीन-तीन मीटर लांबवून हे झाकलं जात नाही.

2. कागदपत्रं

यात मी फार शिरत नाही, कारण हे काम हळू चालतं, पण ते अवघड नाही. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 हे दोन्ही वाचून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी एकदा समक्ष भेटा. सोबत एवढं ठेवा:

- जागेचा सातबारा, मोजणी नकाशा आणि भाडेपट्टा असेल तर तो
- अकृषिक वापराची परवानगी लागत असेल तर ती, निदान तिच्या अर्जाची पोच
- ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र
- क्लबची नोंदणी आणि राज्य संघटनेची संलग्नता
- स्थापत्य अभियंत्यानं सही केलेला रेंजचा आराखडा, आडवा आणि उभा छेद दोन्ही
- माती-मुरूम आणायचा असेल तर तहसील कार्यालयाचा गौण खनिज परवाना

उभा छेद बहुतेक जण देत नाहीत. वरून काढलेला नकाशा सुंदर असतो, पण गोळी वर कुठं जाऊ शकते ते त्यात दिसतच नाही. पुढचे सगळे टप्पे या उभ्या छेदावरच उभे आहेत.

3. मातीचा बांध

पोलिसांच्या चांदमारीवर याला बट म्हणतात, क्लबात बॅकस्टॉप. आम्ही सरळ बांध म्हणतो.

आमचा बांध 5 मीटर उंच आहे. पायथा गोळी सोडायच्या रेषेपासून 52 मीटरवर. समोरचा उतार 40 अंशांचा, माथा दीड मीटर रुंद, मागचा उतार दीडास एक. या मापानं बांध पायथ्याशी 15 मीटर जाड होतो. माथ्यावर 14 मीटर लांबी धरली तर माती 200 ब्रासच्या पुढे जाते. दबाईत ती बसते, म्हणून सव्वादोनशे ते अडीचशे ब्रास धरूनच चला. आम्ही दीडशे धरली होती आणि ऐन मे महिन्यात काम अडकलं.

कुठली माती, हा खरा प्रश्न. आमच्याकडे फुकट मिळते ती काळी. तलावातला गाळही मिळत होता. जेसीबी चालवणारे काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाऊ, काया मातीचा भरोसा नाई. उन्हायात फाटते अन् पावसायात वाहते." आम्ही ऐकलं नाही. काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पहिल्या एप्रिलमध्ये बांधाच्या तोंडावर हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडल्या. जुलैत त्याच भेगांतून पाणी शिरलं आणि वरचा थर घसरून पायथ्याशी जमा झाला.

नुसता मुरूमही चालत नाही. मुरमात खडे असतात, आणि बांधाच्या तोंडावरचा सुपारीएवढा खडाही गोळीची दिशा बदलायला पुरतो. म्हणून बांधाचे दोन भाग धरा. आतला गाभा मुरमाचा, 30-30 सेंटिमीटरचे थर देत, पाणी मारत, रोलर फिरवत बांधलेला. आणि तोंडावर निदान 50 सेंटिमीटर जाडीचा, चाळणीतून काढलेल्या रेताड मातीचा थर. कोरडी वाळू साधारण 34 अंशांच्या उतारावरच थांबते, त्याहून उभी राहत नाही. 40 अंश ठेवायचे तर वाळूत थोडी चिकण माती लागते. आम्ही तीन पाट्या वाळूला एक पाटी चिकण माती घातली, त्यानं तोंड धरून राहिलं.

तोंडाचा थर रोलरनं घट्ट करू नका. गोळी मऊ मातीत शिरून थांबायला हवी.

उतार उभा का हवा, तेही सांगतो. समोरून आडवी येणारी गोळी 40 अंशांच्या तोंडावर आदळली की आत घुसते. तेच तोंड घसरून आडवं होत गेलं की गोळी मातीला खरचटून वर उडते. म्हणून 34 अंशांच्या खाली तोंड गेलं की आम्ही गोळीबार थांबवतो. हे मोजायला उपकरण लागत नाही. गवंड्याकडची 1 मीटरची पट्टी पाणसळ लावून आडवी धरा, एक टोक उताराला टेकवा आणि दुसऱ्या टोकापासून ओळंबा सोडा. मातीपर्यंत 84 सेंटिमीटर भरले तर 40 अंश. 67 भरले तर 34. त्याहून कमी भरले तर थांबायचं.

मागच्या उतारावर आणि माथ्यावर हराळी लावा, माती धरून राहते. तोंडावर मात्र गवत ठेवू नका. गवताखाली खडे आणि खड्डे दोन्ही लपतात. बांधावर सुबाभूळ किंवा बाभूळ उगवली तर रोप असतानाच उपटा.

4. बॅफल: झोपून पाहिल्यावर आभाळ दिसता कामा नये

बॅफल म्हणजे रेंजवर आडवी टांगलेली, गोळी अडवणारी भिंत. तिच्या खालून नेम धरून मारायचं, आणि नळी वर गेली तर गोळी तिच्यात अडायची. एकच बॅफल कधीच पुरत नाही. पहिल्याच्या खालून निसटलेली गोळी दुसऱ्यानं अडवायची, दुसऱ्याखालून निसटलेली तिसऱ्यानं, आणि शेवटच्या खालून निसटलेली बांधानं.

नव्या क्लबांची सगळ्यात मोठी चूक इथंच होते. ते उभ्या नेमबाजाच्या उंचीवरून हिशेब करतात. धोका उलट झोपून मारणाऱ्याचा जास्त असतो. त्याची नळी जमिनीपासून जेमतेम 30 सेंटिमीटरवर असते, त्यामुळे बॅफलच्या खालून त्याला जास्त तिरकं वर पाहता येतं.

आमचंच गणित मांडतो, कागदावर रेघा ओढून पडताळून पाहा. नळीची उंची 0.3 मीटर. सगळ्या बॅफलची खालची कड जमिनीपासून 2.1 मीटर. पहिला बॅफल नळीपासून 4 मीटरवर, आणि नेमबाजाच्या डोक्यावरचं गोळीरोधक छत थेट त्याला जोडलेलं, मध्ये फट नाही.

पहिल्याच्या खालच्या कडेला चाटून जाणारी गोळी 4 मीटरमध्ये 1.8 मीटर चढते. तीच सरळ रेघ पुढे न्या. 7 मीटरवर ती 3.45 मीटर उंचीवर असते. म्हणून 7 मीटरवरच्या दुसऱ्या बॅफलची वरची कड त्याहून उंच हवी. दुसऱ्याच्या खालून जाणारी रेघ 12 मीटरवर 3.39 मीटर उंचीला पोचते, तिथं तिसरा. तिसऱ्याखालची रेघ 20 मीटरवर 3.3, तिथं चौथा. आम्ही सगळे बॅफल 1.6 मीटर उंचीचे केले, म्हणजे वरची कड 3.7 मीटरवर. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी किमान 25 सेंटिमीटर जास्तीचे मिळाले.

आता चौथ्याच्या खालची रेघ बांधापर्यंत न्या. आमच्या पहिल्या आराखड्यात चारच बॅफल होते. ही रेघ 52 मीटरवर 4.98 मीटर उंचीवर येते आणि बांध 5 मीटरचा, म्हणून आम्ही खूश होतो. अभियंता ताईंनी एकच प्रश्न विचारला, "माथा कुठे आहे?" माथा 52 वर नव्हताच. तोंड 40 अंशांचं, त्यामुळे माथा पायथ्याच्या 6 मीटर मागे, 58 मीटरवर. तिथं ती रेघ 5.52 मीटरवर असते. गोळी माथ्यावरून अर्धा मीटर वरून पांदणीच्या दिशेनं गेली असती.

बांध आणखी एक मीटर वाढवणं हा एक उपाय होता. पण बांध उंचावला की माथाही आणखी मागे सरकतो, आणि माती कितीतरी वाढते. त्याऐवजी आम्ही 32 मीटरवर पाचवा बॅफल टाकला. त्याच्या खालची रेघ 58 मीटरवर 3.56 मीटरला येते. म्हणजे 5 मीटरच्या बांधावर जवळजवळ दीड मीटर शिल्लक. पावसात माथा थोडा बसला तरी ही शिल्लक कामी येते.

बाजूंचंही तेच. आमच्या पाच लेन, प्रत्येकी 1.6 मीटर, आणि दोन्हीकडे एकेक मीटर धरून रेंजची रुंदी 10 मीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती 3.7 मीटर उंच, रेषेपासून बांधापर्यंत अखंड, आणि बॅफल भिंतीला भिडलेले. सुरुवातीला आमच्या तिसऱ्या बॅफलचं टोक भिंतीपासून वीतभर आत होतं. मिस्त्रीला ते गज वाचवण्यासारखं वाटलं होतं. पाचव्या लेनवर झोपल्यावर त्या फटीतून शेजारच्या वावरातलं कडुलिंबाचं झाड स्वच्छ दिसायचं.

बॅफल कशाचे? .22 साठी आम्ही दोन जाड प्लायवूडच्या पाट्यांमध्ये 10 सेंटिमीटर बारीक गिट्टी भरली. नुसती लोखंडी प्लेट टांगू नका, तिच्यावरून शिशाचे तुकडे नेमबाजाकडे परत येतात. वजन मात्र लक्षात घ्या. 10 मीटर लांब आणि 1.6 मीटर उंच अशा एका बॅफलमध्ये अडीच टनांहून जास्त गिट्टी बसते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात वादळी वारं येतं. खांब, पाया आणि कैची अभियंत्याकडूनच ठरवून घ्या. गावातल्या शेडच्या मापानं केलेलं बांधकाम हे वजन पेलणार नाही.

5. बांधून झाल्यावर तपासणी

प्रत्येक लेनमध्ये चटईवर झोपा. डोळा जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आणा, नाहीतर त्या उंचीवर मोबाइलचा कॅमेरा ठेवा. समोर, वर आणि दोन्ही कोपऱ्यांत पाहा. बॅफल, भिंत आणि बांध यांच्याशिवाय काहीही दिसलं, मग ते आभाळ असो, झाड असो की विजेचा खांब, तर तिथून गोळी बाहेर जाऊ शकते. संध्याकाळी मागून उजेड असताना फटी जास्त स्पष्ट दिसतात. पाचही लेन तपासा. एका लेनवरून बंद दिसणारी फट दुसऱ्या लेनवरून उघडी असते.

मग रेषा पक्की करा. आम्ही सिमेंटच्या जमिनीत लोखंडी पट्टी बसवली आहे, नळीचं टोक तिच्या पुढे जाता कामा नये. हा हट्ट कशासाठी, तेही गणितानंच कळतं. कुणी चटई 1 मीटर पुढे सरकवली तर पहिला बॅफल 3 मीटरवर येतो आणि दुसरा 6 वर. आता पहिल्याच्या खालून जाणारी रेघ दुसऱ्यापाशी 3.9 मीटर उंचीवर असते. दुसऱ्याची वरची कड आहे 3.7 वर. पुढे त्या गोळीला अडवायला काहीच नाही. उन्हाळ्यात सकाळचं ऊन मागून यायला लागलं की पोरं सावलीसाठी चटई पुढे ओढतात. आमच्याकडे हे झालेलं आहे. पाहिलं मी, आणि त्या दिवशी पुढचा गोळीबार थांबवला.

6. रेंज का बंद करावी लागली

आता पाच आठवड्यांची गोष्ट. पावसाळाभर 50 मीटरची रेंज बंदच असते, तसं आम्ही ठरवलेलंच आहे. दसऱ्याला सुरू केली. दिवाळीनंतर एका सकाळी तिसऱ्या लेनवर एक मुलगी मारत होती. मी मागे उभा होतो. गोळी मातीत गेली की 'धप' असा भरीव आवाज येतो, तो कानाला सवयीचा असतो. त्या सकाळी दर पाच-सहा गोळ्यांनंतर एकदा 'टण्' असा आवाज येत होता, आणि एकदा त्यामागून 'सूं' असा लांबत गेलेला. ती म्हणाली, "सर, आवाज येगळाच येऊन राहिला." तिच्याही कानाला ते लागलं होतं.

गोळीबार थांबवला, रायफली रिकाम्या करून ठेवल्या आणि बांधाकडे गेलो. तिसऱ्या लेनच्या मागे टोपलीएवढा खड्डा झाला होता. 50 मीटरवर चांगल्या नेमबाजाच्या सगळ्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत जातात. लक्ष्याची चौकट हलत नाही, म्हणून महिनोन्‌महिने त्याच जागी. तिथली माती दबून दगडासारखी होते आणि शिसं साचत जातं. खुरप्यानं उकरलं तर आत शिशाची चक्क खापरी निघाली, तळहातापेक्षा मोठी, एकमेकांत चेपलेल्या गोळ्यांची. नवी गोळी मातीवर न आदळता या शिशावर आदळत होती. शिवाय खड्ड्याची खालची कड गोल होऊन उतरंडीसारखी झाली होती. तिला चाटणारी गोळी वर फेकली जाते. लक्ष्याच्या चौकटीच्या मागच्या बाजूला शिशाचे ताजे ओरखडे होते, म्हणजे तुकडे आमच्या दिशेनंही परत आले होते.

मग सगळंच तपासलं, आणि आणखी दोन गोष्टी निघाल्या. डाव्या बाजूचं तोंड पावसात घसरलं होतं. ओळंबा सोडला तर 53 सेंटिमीटर भरले, म्हणजे 28 अंश. आणि दुसऱ्या बॅफलवर काठीनं ठोकत गेलो तर खालून आवाज बद्द आणि वरून पोकळ. पाट्या पावसानं फुगल्या होत्या, गिट्टी खाली बसली होती आणि वर वीतभर जागा रिकामी झाली होती. बाहेरून पाहिलं असतं तर तो बॅफल अगदी ठीक वाटला असता. पण दुसऱ्या बॅफलची ही वरची वीत म्हणजेच पहिल्याखालून निसटलेल्या गोळीसाठी धरलेली जास्तीची उंची, आणि ती जवळजवळ सगळी गेली होती.

क्लबात दोन मतं झाली. काही जण म्हणाले, तिसरी लेन बंद ठेवू, बाकी चार चालू ठेवू. पोरांची स्पर्धा होती, त्यांची अडचण खरी होती. पण पोकळ बॅफल पाचही लेनवरचा होता. म्हणून सगळी रेंज बंद केली.

तुमच्याकडे यांपैकी एक जरी दिसलं तरी सगळी रेंज बंद करा: तोंड 34 अंशांच्या खाली, बॅफलमध्ये पोकळी किंवा फट, माथा आराखड्यापेक्षा 30 सेंटिमीटरहून जास्त बसलेला, किंवा गोळीचा 'सूं' आवाज. खड्डा नुसता खोल व्हायला लागला असेल, आवाज बदललेला नसेल, तर ती एक लेन बंद करून त्याच आठवड्यात भरून घ्या.

7. बंद कशी करायची आणि दुरुस्ती कशी

आमच्या क्लबात रेंज बंद करायला एका रेंज अधिकाऱ्याचा शब्द पुरतो, तो कितीही नवा असला तरी. उघडायला मात्र दोघांच्या सह्या लागतात, आणि त्यातला एक दुरुस्ती करणारा नसावा. बंद केल्याची तारीख, वेळ आणि कारण रजिस्टरमध्ये लिहा. काडतुसं मोजून कुलपात ठेवा. फाटकावर पाटी लावा, पोलीस ठाण्यात आणि सरपंचांना कळवा. लोक स्वतःहून विचारायला येण्याआधी खरं कारण सांगितलं की गावात कुजबुज होत नाही, हा आमचा अनुभव.

बांधाच्या कामाआधी माती थोडी ओली करा. शिशाची धूळ श्वासातून आत जाते, म्हणून मास्क आणि हातमोजे घालूनच काम करा. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय पाणीही पिऊ नका, आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका. लहान मुलांना या कामात घेऊ नका. क्लबच्या प्रेमानं ती मदतीला येतात, पण शिसं मुलांच्या शरीरावर सगळ्यात वाईट परिणाम करतं.

प्रत्येक लेनच्या मागे 50 सेंटिमीटर खोल आणि साधारण मीटरभर रुंद उकरून माती बारीक चाळणीतून काढा. 10,000 गोळ्यांमागे 26 किलो शिसं बांधात जातं, त्यामुळे पोतं जड भरलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. निघालेलं शिसं झाकणाच्या डब्यात ठेवा आणि परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या. गावात कुणी जाळ्याच्या गोट्या करायला मागेल, देऊ नका. घरात शिसं वितळवणं फार घातक आहे. बांधाच्या पायथ्याशी चर खणा म्हणजे पावसाचं पाणी थेट विहिरीकडे किंवा नाल्याकडे जाणार नाही, आणि तिथल्या गवतावर जनावरं सोडू देऊ नका.

घसरलेलं तोंड भरताना नुसती माती वरून ओतली तर ती पुढच्या पावसात पुन्हा खाली येते. जुन्या मुरमात पायऱ्या कापा, नवी माती त्या पायऱ्यांवर बसवा, मग उतार तासून घ्या. माथ्यावर पाणी साचू नये म्हणून त्याला मागच्या बाजूला हलका ढाळ द्या. आमच्याकडे पाणी पुढे वाहत होतं, तेच घसरण्याचं मूळ कारण होतं.

बॅफलची वरची पट्टी काढून गिट्टी भरली, ठोकून बसवली, पुन्हा भरली. आता प्रत्येक बॅफलला वर बिजागरीचं झाकण आणि त्यावर पत्र्याची पन्हाळ आहे. पाट्या फुगू नयेत म्हणून आरपार बोल्टही मारले. खालच्या कडेला वाळवी लागली होती, ती फळी बदलली.

लक्ष्याच्या चौकटी आता दर महिन्याला 20-30 सेंटिमीटर बाजूला सरकवतो, म्हणजे खड्डा एकाच जागी होत नाही.

8. पुन्हा उघडताना

पाचही लेनवर झोपून आभाळ तपासलं. ओळंबा पाच ठिकाणी सोडला, सगळीकडे 80 सेंटिमीटरच्या वर भरले. बॅफल काठीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकले. मग प्रत्येक लेनवर एकाच अनुभवी नेमबाजानं सावकाश दहा-दहा गोळ्या मारल्या, आणि आम्ही दोघं मागे उभं राहून नुसतं ऐकत होतो. पन्नासही गोळ्यांना 'धप' आलं. नंतर बांधाजवळ जाऊन चौकटींच्या मागचे ओरखडे पाहिले, नवा एकही नव्हता. रजिस्टरमध्ये दोन सह्या झाल्या, फाटकावरची पाटी काढली, गोळीबार चालू असल्याचा लाल झेंडा चढवला, आणि तिसऱ्या लेनवर पहिली ती मुलगीच बसली.